ब्रोशरमधली ईद आणि करारातली तारीख

घर घेणाऱ्याच्या हातात सर्वांत आधी पडतो तो कागद म्हणजे ब्रोशर. करारनामा नंतर येतो, तोही इतक्या पानांचा की वाचायचे धाडस फार थोडे जण करतात. टोकनचे पैसे मात्र बहुतेक वेळा ब्रोशर पाहूनच दिले जातात. आमच्या रायगड जिल्ह्यातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत तर ही गोष्ट आणखी खरी. घरातला कमावता माणूस दुबईत किंवा कुवेतमध्ये असतो. ब्रोशरचे फोटो त्याच्या मोबाइलवर जातात आणि तिकडून पैसे येतात. त्याने जागा पाहिलेली नसते, फक्त शब्द वाचलेले असतात.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. गेल्या वर्षी गावातल्या एका बिल्डरने त्यांच्या नव्या इमारतीचे इंग्रजी ब्रोशर माझ्याकडे आणून दिले. सहा मजले, चोवीस फ्लॅट. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी, त्यामुळे ओळख जुनी. म्हणाले, "टीचर, मराठी आणि उर्दू दोन्ही करून द्या. भाषा जरा गोड ठेवा." मी ते वाचायला घेतले आणि पहिल्याच ओळीवर अडले. तिचा अर्थ असा होता : 'येती ईद आपल्या नव्या घरात!' खाली बारीक अक्षरात 'चोवीस महिन्यांत ताबा'.

मी विचारले, "भाईसाहेब, कुठली ईद? रमजान ईद की बकरी ईद? आणि चोवीस महिने कधीपासून? बुकिंगपासून, की पायापासून?" ते हसले. "सत्तावीसच्या ईदपर्यंत देऊ, इन्शाअल्लाह." मी त्यांच्या प्रकल्पाचे पान महारेराच्या maharera.maharashtra.gov.in या संकेतस्थळावर उघडले. महाराष्ट्रात हे प्राधिकरण १ मे २०१७ पासून काम करते. आठपेक्षा जास्त फ्लॅट असलेल्या इमारतीची तिथे नोंदणी केल्याशिवाय जाहिरात करता येत नाही, विक्रीही करता येत नाही. त्या पानावर त्यांनी स्वतःच लिहून दिलेली पूर्णत्वाची तारीख होती ३० जून २०२७. त्या वर्षी रमजान ईद मार्चच्या पूर्वार्धात येते आणि बकरी ईद मेच्या मध्याला. म्हणजे ब्रोशरमधली ईद कुठलीही धरली, तरी नोंदवलेल्या तारखेच्या आधीचीच.

कुणी म्हणेल, तीन महिन्यांनी काय बिघडते? पण घर घेणारा बहुधा आधी भाड्याने राहत असतो. भाडेकरार अकरा महिन्यांचा. ईदला घर मिळणार या भरवशावर तो नवा करार करत नाही, मुलांची शाळा बदलायची ठरवतो, कुवेतहून सुट्टी त्याच हिशेबाने काढतो. मग मार्चमध्ये कळते की जून उजाडेल. भाडे आणि बँकेचा हप्ता दोन्ही एकदम भरावे लागतात.

'ताबा' हा शब्दसुद्धा फसवा आहे. काही ठिकाणी भिंतींना रंग लागला की किल्ली देतात आणि सांगतात, फर्निचरचे काम सुरू करा. त्याला ताबा म्हणत नाहीत. पालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला सगळे ओसी म्हणतात, ते मिळाल्यानंतरचा ताबाच खरा. ओसी नसलेल्या इमारतीत राहायला गेलेल्यांना पाण्याच्या जोडणीपासून अडचणी येतात, आणि बिल्डर मात्र देखभाल खर्च मागायला मोकळा होतो. म्हणून आम्ही ओळ बदलली : 'प्रकल्प पूर्ण करण्याची महारेराकडे नोंदवलेली तारीख ३० जून २०२७. ताबा भोगवटा प्रमाणपत्रासह दिला जाईल. करारनाम्यात हीच तारीख असेल.' शेवटचे वाक्य मी आग्रहाने घातले. करारात लिहिलेल्या तारखेला ताबा मिळाला नाही, तर कायद्याच्या कलम १८ प्रमाणे ग्राहकाला पैसे व्याजासह परत मागता येतात. घर हवेच असेल, तर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज मागता येते. त्यामुळे ब्रोशरमध्ये एक तारीख, करारात दुसरी आणि महारेराच्या पानावर तिसरी, असे असता कामा नये.

इन्शाअल्लाहबद्दल मी त्यांना एवढेच म्हटले की तो शब्द तोंडाने जरूर म्हणा. छापील कागदावर मात्र तो तारखेच्या जागी घालू नका.

मग क्षेत्रफळ आले. ब्रोशरमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट ८५० चौरस फूट आणि दर फुटाला चार हजार, म्हणजे किंमत ३४ लाख. ८५० कशाचे, ते लिहिले नव्हते. मी मंजूर नकाशा मागवला आणि त्यांच्या ऑफिसातल्या मुलाला सोबत घेऊन वहीत बेरीज मांडली. हॉल १० बाय १५, म्हणजे १५०. स्वयंपाकघर ८ बाय ९, म्हणजे ७२. एक बेडरूम १२०, दुसरी ११०. दोन न्हाणीघरे २८ अधिक २८. आतला बोळ ३२. बेरीज ५४०. खोल्यांच्या मधल्या भिंतींनी व्यापलेली जागा सुमारे २२. एकूण ५६२ चौरस फूट.

हे ५६२ म्हणजेच कार्पेट क्षेत्रफळ. कायद्यात त्याची व्याख्या स्पष्ट आहे. घराच्या आत वापरता येणारी जमीन आणि खोल्यांमधल्या भिंतींखालची जागा त्यात धरायची. इमारतीच्या बाहेरच्या भिंती, पाइपांचे डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरायची नाही. आमच्या फ्लॅटची बाल्कनी होती ४० फूट, ती वेगळी दाखवायची. मग ८५० कुठून आले? बाल्कनी, बाहेरच्या भिंती, जिना, लिफ्ट आणि लॉबी यांचा वाटा मिळवून. जुन्या पद्धतीत त्याला 'सुपर बिल्ट-अप' म्हणत. जिना सगळ्यांचाच असतो, पण त्यावर पलंग टाकता येत नाही.

याच ३४ लाखांना ५६२ ने भागले तर दर निघतो सुमारे ६,०५० रुपये. चार हजार आणि सहा हजार पन्नास, घर तेच, किंमतही तीच. फरक इतकाच की पहिल्या आकड्याने घर मोठे आणि स्वस्त भासते.

इथे बिल्डर नाराज झाले. "टीचर, शेजारचा ८५० लिहितो. मी ५६२ लिहिले तर माझे घर लहान वाटेल. गिऱ्हाईक उठून जाईल." त्यांची भीती खोटी नव्हती. त्यांच्या धंद्याचा प्रश्न होता. मी सुचवले की आकडा लपवण्यापेक्षा तो समजावून सांगणारी चौकट छापू. त्या चौकटीत खोल्यांची मापे, ५६२ चौरस फूट म्हणजे ५२.२१ चौरस मीटर कार्पेट, बाल्कनी वेगळी ४० फूट, एकूण किंमत आणि शेवटी एक ओळ : 'इतरत्र घर पाहताना कार्पेट क्षेत्रफळच विचारा.' करारात आणि महारेराच्या पानावर कार्पेट लिहावेच लागते. म्हणजे ग्राहकाला खरा आकडा कधीतरी दिसणारच, तो टोकन देण्याआधी दिसावा एवढाच मुद्दा होता. दोन दिवस विचार करून ते तयार झाले. बांधकामात थोडा फरक पडू शकतो हेही आम्ही लिहिले, कारण महाराष्ट्राच्या नमुना करारात तीन टक्क्यांपर्यंतचा फरक धरलेला आहे. ५६२ फुटांवर तो साधारण १७ फूट होतो. त्याहून जास्त जागा कमी भरली, तर ग्राहकाला पैसे परत मिळायला हवेत.

सोयीसुविधांचे पान सर्वांत रंगीत होते. त्यात बाग होती, कारंजे होते, चोवीस तास पाणी होते, 'प्रशस्त पार्किंग' होते आणि 'मशीद, शाळा, स्टेशन काही मिनिटांवर' होते. विशेषण आले की मी वर्गात मुलांना विचारते, किती? इथेही तोच प्रश्न एकेका शब्दाला विचारला. बाग कुठे आहे? शेजारच्या प्लॉटवर, जो दुसऱ्या टप्प्यात येणार होता आणि ज्याची अजून नोंदणीही नव्हती. बाग आणि कारंजे दोन्ही काढले. पाणी कुठून? नगरपरिषदेची एक जोडणी आणि एक बोअरवेल. एप्रिल-मेमध्ये आमच्या गावात नळाला दिवसाआड पाणी येते, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. म्हणून 'चोवीस तास' काढून दोन्ही स्रोत लिहिले. लिफ्ट एक, सहा जणांची, वीज गेल्यावर जनरेटरवर चालणारी. जनरेटर घरातल्या दिव्यांसाठी नाही, हेही लिहिले.

पार्किंगवर बराच वेळ गेला. छताखालच्या जागा बारा आणि फ्लॅट चोवीस. उघड्या जागेतले पार्किंग कायद्याने सामाईक असते, ते कुणा एकाला विकता येत नाही. तेव्हा ओळ अशी झाली : 'छताखाली १२ गाड्यांची जागा, करारात नमूद असेल त्यांनाच. उघडी जागा सर्वांसाठी.' अंतरे मिनिटांत न देता मीटरमध्ये दिली. मिनिटे चालणाऱ्याच्या पायांवर अवलंबून असतात, आणि म्हाताऱ्या खालाजानची पाच मिनिटे वेगळी.

शेवटच्या पानावर 'अटी लागू, बदलाचे हक्क राखून' अशी मुंगीएवढी ओळ होती. त्यांना वाटे, ती असली की वर काहीही लिहावे. तसे नाही. कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून कुणी पैसे दिले आणि नुकसान झाले, तर भरपाई द्यावी लागते. ग्राहकाला व्यवहार सोडायचा असेल, तर सगळी रक्कम व्याजासह परत द्यावी लागते. हे ऐकल्यावर मात्र त्यांनी स्वतःहून पुन्हा एकदा सगळी पाने वाचली. नोंदणी क्रमांक, संकेतस्थळाचा पत्ता आणि क्यूआर कोड पहिल्या पानावर घेतला. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत तो कोड असावाच लागतो.

उर्दू मजकूर करताना मी 'तक़रीबन' हा शब्द कुठेही येऊ दिला नाही. एका चित्राबाबत माझे चालले नाही. इमारतीसमोर हिरवळ आणि दोन परदेशी गाड्या तशाच राहिल्या. चित्राखाली 'काल्पनिक चित्र' हे शब्द मात्र मोठ्या अक्षरात आले.

ब्रोशर छापले. एक-दोन गिऱ्हाइके ५६२ पाहून शेजारी गेली, हे बिल्डरनेच सांगितले. नंतर कुवेतहून एका माणसाने आपल्या मेहुण्याला टेप घेऊन पाठवले. पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट प्लास्टर होऊन तयार होता. मेहुण्याने ब्रोशर उघडून एकेक खोली मोजली, बोळसुद्धा. हॉलचे माप अर्ध्या इंचाने कमी भरले. त्याने ते ब्रोशरच्या कडेला पेन्सिलीने लिहिले, फोटो काढून पाठवला, आणि दुसऱ्या आठवड्यात कराराच्या मसुद्यातली तारीख आणि ५६२ ताडून पाहायला परत आला.