निरोपाचे पत्र

मे २०२५ मध्ये माझा भाचा एक पत्र घेऊन आला. घाऊक कापडाची दुसरी पेढी तो बंद करीत होता आणि तेथील हिशेबनीसाला, बारा वर्षांच्या माणसाला, ते द्यायचे होते. मसुदा असा होता : ‘व्यवसायाच्या पुनर्रचनेमुळे आपणास सेवेतून मुक्त करण्यात येत आहे. आपली देणी यथावकाश दिली जातील. आपण आमच्या परिवारातीलच आहात.’

मी विचारले, “शेवटचा दिवस कोणता? रक्कम किती?” दोन्ही त्यात नव्हते. भाचा म्हणाला, “मामा, त्यांच्याकडून राजीनामाच लिहून घेतला तर?” मी नको म्हटले. काढायचे आपण आणि ‘स्वखुशीने’ त्याने लिहायचे, हे असत्य. शिवाय त्यामुळे त्याची नुकसानभरपाई बुडते.

मग आम्ही हिशेब मांडला. वेतन दरमहा १८,२०० रुपये. सेवा १ जुलै २०१३ पासून. ग्रॅच्युइटीसाठी महिना २६ दिवसांचा धरतात. म्हणून रोजचे ७०० रुपये, वर्षाला पंधरा दिवस, बारा वर्षांचे १,२६,००० रुपये. कामगार कपातीची भरपाईही वर्षाला पंधरा दिवसांचीच. पण तेथे २६ चा भागाकार लागत नाही, अर्धा महिना धरतात. ते ९,१०० गुणिले बारा, म्हणजे १,०९,२०० रुपये. ग्रॅच्युइटी दिली म्हणून भरपाई फिटत नाही. अनेक पेढ्या येथेच चुकतात.

नवे पत्र असे झाले :

‘३० मे २०२५. आपली नोकरी ३० जून २०२५ रोजी संपेल. ही एक महिन्याची पूर्वसूचना आहे. ही पेढी तोट्यामुळे आम्ही बंद करीत आहोत व मुख्य पेढीत हिशेबनीसाची जागा नाही. हा निर्णय आमचा आहे. आपल्या कामात दोष नव्हता. ३० जून रोजी आपणास जूनचे वेतन १८,२०० रुपये, भरपाई १,०९,२०० रुपये व ग्रॅच्युइटी १,२६,००० रुपये, एकूण २,५३,४०० रुपये मिळतील. अनुभवाचा दाखला त्याच दिवशी मिळेल. दुसरे काम शोधण्यासाठी जूनमध्ये हवी तेव्हा रजा घ्यावी. वेतन कापले जाणार नाही.’

ग्रॅच्युइटीला कायद्याने तीस दिवसांची मुदत असते. परंतु रिकाम्या हाताने घरी जाणाऱ्या माणसाला ते तीस दिवस कठीण जातात, म्हणून तीही त्याच दिवशी द्यायची ठरली. ‘परिवारातील’ हा शब्द मी काढला. परिवारातून कोणी कोणास काढीत नाही. भाषा समितीचा अर्थ आपण मोजके व निर्दोष बोलणे असा करतो. गोड शब्दांत मुद्दा लपविणे त्यात बसत नाही.

भाच्याने पत्र पाठविले नाही, समोर बसून हातात दिले. त्या गृहस्थांनी ते दोनदा वाचले, खिशातील पेन काढून बेरीज तपासली आणि म्हणाले, “बरोबर आहे, शेठ.” मग बराच वेळ कोणी बोलले नाही.