तीन किलो भाजणी म्हशीच्या आंबोणात गेली

आज बांधावरचं नाही, चुलीपाशचं लिहितो. धान्य मात्र निम्मं शेतातलंच.

घरची लेकीच्या बाळंतपणाला गेलेली आणि इकडे भाजणीचा डबा संपला. आईला सकाळी थालीपीठ लागतंच. म्हटलं, आपणच करू. तांदूळ १ किलो, ज्वारी, बाजरी नि चणाडाळ अर्धा-अर्धा किलो, उडीद नि नाचणी पाव-पाव किलो, धणे १०० ग्रॅम, जिरे ५० ग्रॅम. हे माप बरोबरच होतं. चूक केली ती पुढं. वेळ वाचवायला सगळं एकदम कढईत ओतलं.

दळून आणून थालीपीठ लावलं तर चव कडवट आणि मागून कच्च्या डाळीचा वास. आई एका घासातच म्हणाली, "नाचणी जाळलीस नि डाळ कच्ची ठेवलीस."

तेच झालेलं. नाचणी, जिरे बारीक, ते लगेच भाजतात. चणाडाळीला आतपर्यंत ऊन लागायला वेळ जातो. जाळ मोठा केला तर डाळ वरून तांबडी होते, आत कच्चीच. दुसऱ्या खेपेला आई शेजारी बसली आणि एकेक धान्य वेगळं, मंद जाळावर भाजलं. तांदूळ पांढराफेक होऊन थोडा फुलला की काढायचा. डाळ दाताखाली कट्कन फुटली पाहिजे, चिवट लागली तर अजून ठेवायची. नाचणी तडतडली की लगेच खाली. धणे-जिरे शेवटी, उतरत्या कढईत. सगळं पूर्ण गार करून मगच गिरणीत, थोडं रवाळ दळायचं. दळलेलं पीठही गरम असतं, ते पसरून निववलं नाही तर डब्यात वाफ धरून गुठळ्या होतात.

आता मळणं. ह्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नाही, धरून ठेवतो तो उडीद. म्हणून कांदा, मिरची, कोथिंबीर, हळद, मीठ घालून कोमट पाण्यात सैलसर मळलं आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवलं. ओल्या फडक्यावर पाण्याच्या हाताने थापायचं. कडेला चिरा पडल्या तर पीठ घट्ट झालंय, पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. वरून पीठ भुरभुरवू नका, ते करपतं.

मग बोटाने पाच भोकं. मी इतकी वर्षं ती शोभेची समजत होतो. थापलेलं मधे थोडं जाडच राहतं. भोकातून सोडलेलं तेल खाली तव्यापर्यंत जातं, अडकलेली वाफ वर निघते, म्हणून मधलं कच्चं राहत नाही. फडक्यासकट तव्यावर उलटं टाकून फडकं अलगद सोडवायचं, झाकण ठेवायचं. कडा सुटून आपोआप हलायला लागलं की उलटायचं. त्याआधी उलथणं घातलं की तुटलंच.

दुसऱ्या खेपेचं आईने दह्याशी दीड खाल्लं. तिला दात चारच आहेत.