दोन शेड उजळ

“जास्त काय नको ओ ताई, दोन शेड उजळ करा फक्त.”

राजारामपुरीतल्या ज्या स्टुडिओत मी एडिटिंग करते, तिथं हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतं. त्या दिवशी बोलणाऱ्या काकू कागलकडच्या होत्या. शेजारच्या खुर्चीत त्यांची मुलगी मोबाईलमध्ये डोकं घालून बसली होती. स्थळांना पाठवायचे फोटो आमच्याच पोरानं रंकाळ्यावर काढले होते. जांभळी साडी, केसात गजरा, एका हातात पदर, दुसऱ्यात पांढरा रुमाल. मागे ऊन पडून चमकणारं पाणी.

फोटोत मुलगी खरोखरच काळपट दिसत होती. पण तो तिचा रंग नव्हता. ती माझ्यापासून दोन हातांवर बसली होती, त्यामुळे मला ते समोरच दिसत होतं.

याला कारण कॅमेरा. समोर माणूस आहे की म्हैस, हे त्याच्या मीटरला कळत नाही. तो फ्रेममधला एकूण उजेड मोजतो आणि सगळं मिळून मध्यम राखाडी यावं असा हिशेब लावतो. मागे चमकतं पाणी असलं, की त्याला वाटतं उजेड फार झाला. मग तो सगळा फोटो अंधारा करतो, आणि त्यात चेहरा बुडतो. शिवाय ही मुलगी झाडाच्या सावलीत उभी होती. सावलीतला उजेड निळसर असतो. सावळ्या कातडीवर तो पडला की तिची ऊब जाते आणि राख फासल्यासारखं दिसतं.

मी काकूंना खुर्ची पुढं ओढायला सांगितलं. आधी त्या पांढऱ्या रुमालावर व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर टेकवला. रुमाल पांढरा झाला आणि निळेपणा गेला. मग चेहऱ्यापुरता मास्क करून एक्स्पोजर पाऊण स्टॉप वाढवलं, डोळ्यांखालची सावली थोडी उचलली. मुलीनं मोबाईल खाली ठेवला आणि पहिल्यांदा स्क्रीनकडं पाहिलं. मी तिला खिडकीशी उभं केलं आणि मॉनिटर तिच्याकडं वळवला. दोन्ही चेहरे एकच होते.

“छान झालंय,” काकू म्हणाल्या. “आता दोन शेड उजळ करा.”

उजेड दुरुस्त करणं आणि माणूस बदलणं यांच्यातली रेघ हीच. ती ओलांडायला एकच स्लायडर पुरतो. माणसाची कातडी गोरी असो की काळी, तिचा रंग लाल आणि पिवळ्याच्या मध्ये, म्हणजे नारिंगीत पडतो. लाइटरूममध्ये ऑरेंजचा ल्युमिनन्स चाळीसपर्यंत ओढला, की दोन सेकंदांत माणूस ‘गोरा’ होतो. पण नारिंगी फक्त कातडीत नसतो. साडीची जर फिकी पडते, सोन्याचं पितळ होतं, झेंडूचा हार शिळा दिसतो. म्हणून मास्क करून फक्त चेहरा धरायचा. मग मान उरते, कान उरतात, भांगातली रेघ उरते, बोटांची पेरं उरतात. रंग नुसता उजळला की त्यातली ऊब कमी होऊन कातडी खडूसारखी दिसते, म्हणून वरून थोडा गुलाबी मारायचा. असा फोटो ओळखायचा असेल तर डोळ्यांचा पांढरा भाग आणि दात बघा. त्यांच्यापेक्षा चेहराच पांढरा असेल, तर कुणीतरी तिथं हात मारलाय.

आमचे मालक सांगतात, हे काम कंप्युटरच्या कितीतरी आधीचं आहे. काळ्यापांढऱ्या फोटोच्या दिवसांत रिटच करणारा माणूस भिंग लावून निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवायचा. निगेटिव्हमध्ये जिथं शिसं लागेल तिथं प्रिंटमध्ये उजळ येतं. पुढं रंगीत फिल्म आली. त्या काळात कोडॅक लॅबना एक कार्ड पाठवायची, त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. तिची कातडी बरोबर दिसली म्हणजे मशीन बरोबर, असा नियम. आपल्यासारख्यांचे चेहरे त्या मापात बसले नाहीत, तर दोष चेहऱ्यांवर जायचा.

“काकू, आता फोटोतली आणि इथं बसलेली एकच दिसतेय. अजून उजळलं तर वेगळी दिसेल.”

“दिसू दे की! थोरलीच्या वेळी लई सोसलंय आम्ही. फोटो बघूनच नको म्हणायचे. पोरगं एकदा घरी तरी येऊ दे, हिचं बोलणं, हिचा स्वयंपाक तरी बघू दे. दारात कोण आलंच नाही तर काय करायचं, तुम्हीच सांगा.”

याला माझ्याकडं पटकन उत्तर नव्हतं. काकू दुष्ट नव्हत्या. बाजार कसा चालतो ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. २०२० मध्ये एका मोठ्या लग्नाच्या वेबसाइटनं रंगाचा फिल्टर काढून टाकला, त्याच वर्षी ‘फेअर अँड लव्हली’नं नावातलं ‘फेअर’ काढलं. आमच्याकडं छापायला येणाऱ्या बायोडेटात मात्र ‘वर्ण’ ही ओळ अजून आहे, आणि तिच्यापुढं बहुतेक ‘गोरा’ किंवा ‘निमगोरा’ असतं. ‘सावळा’ मी क्वचितच टाइप केलंय.

आणि हे माझ्यावरून गेलेलं आहे. चोवीस वर्षांची असताना माझ्या बायोडेटाचा फोटो मीच एडिट केला होता, स्टुडिओ बंद झाल्यावर, याच खुर्चीत बसून. काम सुबक होतं. मान, कान, पेरं, काही सोडलं नव्हतं. दहा दिवसांनी मंडळी बघायला आली. पोह्यांचा ट्रे घेऊन मी बाहेर आले, तेव्हा मुलाच्या मावशीनं आधी माझ्याकडं पाहिलं, मग हळूच मोबाईलकडं, मग पुन्हा माझ्याकडं. “फोटो चांगल्या स्टुडिओत काढलाय वाटतं,” त्या म्हणाल्या. सगळे हसले, आईसुद्धा. मला नकार आधीही आले होते. पण त्या दिवशी मी माझ्याच फोटोपुढं कमी पडले होते, आणि तो फोटो मी केला होता.

हे मी काकूंना सांगितलं. मुलगी माझ्याकडं बघत राहिली. काकू थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, “तुमचं खरं असंल ताई. पण तुम्हाला नोकरी हाय.”

मी उजेड दुरुस्त केलेली फाईल दिली, त्यापुढचं करणार नाही म्हणाले. एडिटिंगचे पैसे मालकांनी घेतले नाहीत, वर मला ऐकवलं की गिऱ्हाईक मोडू नये. जाताना मुलगी दारात थांबून म्हणाली, “मला पण पाठवा की हा. माझ्या नंबरवर.” मी पाठवला.

तीन आठवड्यांनी आमच्या नात्यातल्या वधू-वरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. जांभळी साडी, मागे रंकाळा. चेहरा दुधासारखा, नाकाची कडसुद्धा पुसून गेलेली. मी लगेच ओळखलं नसतं. पण ज्यानं कुणी ते केलं होतं, त्यानं चेहऱ्यापाशीच काम संपवलं होतं. पदर धरलेला हात आणि रुमाल धरलेला हात, दोन्ही मी दिले होते तसेच होते, सावळे.

मी झूम करून ते हात बराच वेळ बघत बसले. मग सहज तिचा नंबर उघडला. व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीला तिनं माझा फोटो लावला होता.