बसलेला आवाज

पवित्र आठवड्यातील उपासना आटोपल्या की दरवर्षी माझा आवाज बसतो. शाळेतल्या शिक्षकांचा तो स्नेहसंमेलनाच्या तालमींनंतर बसतो. कारण दोघांचेही एकच. बोलताना स्वरयंत्रातील दोन नाजूक स्वरतंतू एकमेकांवर सेकंदाला शंभर ते दोनशे वेळा आपटत असतात. ओरडले की हे आघात अधिक जोराचे होतात, तंतूंना सूज येते आणि आवाज घोगरा होतो.

आमच्या धर्मग्रामातील एका शिक्षिकाबाईंचा आवाज गेल्या डिसेंबरात असाच गेला. रविवारी त्यांनी पहिले वाचन दुसऱ्याकडे सोपवले आणि दिवसभर त्या सर्वांशी कुजबुजून बोलत राहिल्या. कुजबुजणे म्हणजे विश्रांती, असा आपला समज असतो. परंतु जोर लावून कुजबुजताना अनेकांचे स्वरयंत्र आवळले जाते आणि त्यावर ताण येतो. त्यापेक्षा एक-दोन दिवस शक्य तितके मौन पाळावे. बोलणे भागच असेल, तर जवळ जाऊन, नेहमीच्याच पण हलक्या आवाजात थोडे बोलावे. वारंवार घसा खाकरण्याऐवजी आवंढा गिळावा किंवा पाण्याचा घोट घ्यावा, कारण खाकरतानाही तंतू एकमेकांवर आपटतात.

पाण्याविषयीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्यायलेले पाणी अन्ननलिकेतून जाते. ते स्वरतंतूंना स्पर्श करीत नाही. ते शरीरात भिनल्यावरच तंतूंवरील ओलावा टिकून राहतो. म्हणून प्रवचनाच्या आधी घाईने पेलाभर पिण्यापेक्षा दिवसभर थोडे थोडे पीत राहणे बरे. श्वासाबरोबर घेतलेली वाफ मात्र थेट तंतूंपर्यंत पोहोचते.

एरवी असा आवाज काही दिवसांत सुटतो. बाईंचा सुटला नाही. सकाळी बरा असे, तिसऱ्या तासाला पुन्हा फाटे. तीन आठवडे उलटल्यावर त्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेल्या. दुर्बिणीतून पाहता दोन्ही तंतूंवर समोरासमोर बारीक गाठी दिसल्या. सततच्या घर्षणाने हाताला घट्टे पडावेत, तशाच या. त्या कर्करोगाच्या नसतात आणि बहुधा शस्त्रक्रियेवाचून, वाचा-उपचारांनी ओसरतात. श्वासाच्या आधाराने बोलण्याचे धडे बाईंनी दोन महिने गिरवले. वर्गाला गप्प करण्यासाठी त्या आता ओरडत नाहीत, टाळी वाजवतात.

मात्र गाठ साधी आहे की नाही, हे आवाज ऐकून कोणालाही सांगता येत नाही. त्यासाठी घसा आतून पाहावाच लागतो. म्हणून तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरेपणा राहिला, तर तपासणी करून घ्यावी. तंबाखू वा विडी-सिगारेटचे सेवन असेल, गिळताना त्रास होत असेल, थुंकीत रक्त दिसले किंवा मानेत गाठ लागली, तर तेवढेही थांबू नये. श्वास घेणे कठीण झाले, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.