वर्गशिक्षिकेस चार ओळी

मुलाचे तेरावे झाल्यावर सिडकोतील एक आजोबा आठ वर्षांच्या नातीला घेऊन माझ्याकडे आले. शाळेच्या वेळी तिचे पोट दुखे. रविवारी मात्र दुखत नसे. तपासणीत काही आढळले नाही. "आई घरी एकटी असते," ती हळूच म्हणाली.

आजोबांनी वर्गशिक्षिकेस चिठ्ठी लिहिली: ‘हिचे वडील वारले, हे तिला ठाऊक आहे. पहिला आठवडा मधल्या सुट्टीपर्यंत, दुसऱ्या आठवड्यापासून पूर्ण वेळ पाठवू. रडू आल्यास बाहेर बसू द्यावे, आईशी फोनवर बोलू द्यावे. वर्गासमोर विचारपूस नको.’

अशी चिठ्ठी आपण लिहाल, तेव्हा पूर्ण वेळेचा दिवस जरूर नोंदवा. रजा लांबत गेली, की शाळेची भीती वाढते.