बडे बाबूंनी 'नाही' म्हटले तो दिवस



गेल्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला अकोल्यातल्या एका शाळेत सेवापूर्तीचा कार्यक्रम होता आणि तिथे आम्हाला बोलायला बोलावले होते. निवृत्त होणारे गृहस्थ मुख्याध्यापक नव्हते, शिक्षकही नव्हते. ते शाळेचे मुख्य लिपिक, म्हणजे कार्यालयाचे प्रमुख. आपल्या वऱ्हाडात अशा माणसाला नावाने कुणी हाक मारत नाही, 'बडे बाबू' म्हणतात. आधी अमरावतीला कनिष्ठ लिपिक, मग बदली होऊन अकोल्याला, आणि वयाच्या 58 व्या वर्षी नियमाप्रमाणे निवृत्त.

कार्यक्रमाचे कळल्यावर आमच्यातल्याच काही पोरांनी नाराजी दाखवली. बाबू म्हणजे आपल्या फायली अडवणारा माणूस, त्याचे गुणगान करायला तुम्ही कायले चालले? आणि ते आपल्या समाजाचे तरी आहेत का? नाहीत. तरी आम्ही गेलो, कारण एक जुने देणे होते. तिथे जे बोललो ते थोडे सविस्तर इथे मांडतो.

आम्ही सुरुवातच अशी केली: "बडे बाबू, दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही याच कार्यालयात तुमच्या टेबलासमोर घोषणा दिल्या होत्या. तुम्हाला जातीयवादी म्हटले होते. आज तेवढ्यासाठीच उभे आहोत." सभागृहात एकदम शांतता झाली. मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर तर स्पष्ट दिसत होते की याला कुणी बोलावले.

झाले होते असे. आमच्या वस्तीतला एक मुलगा बारावीला होता. त्याला अभियांत्रिकीला जायचे होते आणि राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागत होते. त्याचे वडील याच शाळेत शिकलेले. शाळेच्या रजिस्टरात वडिलांच्या नावापुढे जातीच्या रकान्यात एकच शब्द होता: बौद्ध. मुलाच्या स्वतःच्या दाखल्यावरही तेच.

हा शब्द तिथे कसा आला हे तुम्हाला सांगायला नको. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि आपल्या बापजाद्यांनी पोरांची नावे शाळेत घालताना जात सांगायची बंद केली. गुरुजींनी जात विचारली की छाती काढून 'बौद्ध' सांगायचे. ते बंड होते आणि ते त्या रकान्यात शाईने लिहिले गेले आहे. पण कायद्याच्या नजरेत बौद्ध हा धर्म आहे, जात नाही. धर्मांतरित बौद्धांना राज्याच्या सवलती महाराष्ट्र स्थापन झाला तेव्हापासून मिळाल्या, केंद्राच्या सवलतींसाठी मात्र 1990 च्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. आणि आजही बौद्धाला जातीचा दाखला देताना धर्मांतरापूर्वी घराणे कोणत्या अनुसूचित जातीचे होते हेच विचारले जाते. पुराव्यात सर्वात जास्त वजन 10 ऑगस्ट 1950 च्या आधीच्या नोंदीला असते, कारण त्या तारखेला अनुसूचित जातींचा आदेश निघाला. म्हणजे ज्या शब्दाचा अभिमान, तोच शब्द समितीपुढे अपुरा पडतो. यावर संतापायला जागा आहे, आणि 'नवबौद्ध' या शब्दावर तर स्वतंत्रच लेख लिहावा लागेल. पण प्रवेशाची तारीख संतापासाठी थांबत नाही.

आम्ही पंधरा-वीस जण गेलो. मागणी सोपी वाटत होती. वडिलांच्या नोंदीत 'बौद्ध' च्या बाजूला 'महार' लिहा आणि तसा उतारा द्या. खोटे थोडेच लिहायला सांगत होतो! माणूस तर महारच होता. बडे बाबूंनी रजिस्टर उघडून दाखवले आणि नाही म्हणाले. आम्ही आवाज चढवला. त्यांनी रजिस्टर मिटले, कपाटात ठेवले, किल्ली खिशात टाकली. मग म्हणाले, "पोट्टेहो, हे रजिस्टर आज मी तुमच्यासाठी लिहीन, तर उद्या दुसऱ्यासाठीही लिहा लागन. मंग याले रजिस्टर कोन म्हनन?"

आता हे रजिस्टर काय चीज आहे ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण आपले बहुतेक कार्यकर्ते दाखल्यासाठी भांडतात, रजिस्टर पाहतच नाहीत. आपल्याकडे जुने लोक त्याला दाखल-खारीज म्हणतात, शाळेत जनरल रजिस्टर म्हणतात. पोराला शाळेत दाखल केले की त्यात एक ओळ भरते: अनुक्रमांक, नाव, धर्म, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख. शाळा सोडली की त्याच ओळीत खारीज केल्याची तारीख आणि कारण. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे फक्त या ओळीची नक्कल. दाखला हरवला तर दुसरा मिळतो, ओळ बिघडली तर दुसरी ओळ नसते. म्हणूनच नोंद बदलायची असेल तर ती शाळेला आपल्या मनाने बदलता येत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि मुलगा शाळा सोडून गेल्यावर तर उघड लेखनचूक सोडली तर काही बदलणे फार अवघड.

त्या दिवशी आमचे ऐकून त्यांनी तो शब्द लिहिला असता तर काय झाले असते? पडताळणी समितीला शंका आली की ती दक्षता पथक पाठवते. त्यातला पोलीस अधिकारी थेट शाळेत येऊन मूळ रजिस्टर मागतो. तो उताऱ्यावर विश्वास ठेवत नाही. शाई एकच आहे का पाहतो, अक्षर त्या पानावरच्या इतर ओळींसारखेच आहे का पाहतो, शब्द रकान्यात मोकळा बसला आहे की मागाहून कोंबला आहे हे पाहतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या विटक्या निळ्या शाईशेजारी बॉलपेनचा एक शब्द दिसला की संपले. तो शब्द खरा असला तरी नोंद खाडाखोडीची ठरते आणि मग त्या घराण्याच्या इतर खऱ्या कागदांवरही संशय बसतो. 2000 च्या कायद्यात खोट्या कागदाच्या आधारे प्रमाणपत्र घेणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत कैद आहे. खऱ्या महाराचे पोरगे खोट्या महाराच्या रांगेत उभे राहिले असते आणि त्याला तिथे उभे करणारे आम्हीच असतो.

पण 'नाही' म्हणून गप्प बसणारे बाबू खंडीभर आहेत, त्यांच्यासाठी आम्ही माईक हातात घेतला नसता. बडे बाबूंनी त्यानंतर त्या मुलाला एकट्याला बसवले आणि विचारले, "तुह्या आजा कोन्या गावचा? शिकेल होता का?" आजोबा शाळेत गेलेच नव्हते. "आज्याचा भाऊ?" मुलाला माहीत नव्हते. त्यांनी त्याला घरी पाठवले, म्हणाले, म्हाताऱ्या आजीले विचारून ये. दुसऱ्या दिवशी तो सांगत आला की आजोबांचा धाकटा भाऊ दोन वर्षे गावच्या शाळेत जात होता.

बडे बाबूंनी एका चिठ्ठीवर लिहून दिले. गावच्या शाळेत जा, 1945 ते 1950 चे दाखल-खारीज मागा. आडनाव शोधू नका, त्या काळी आडनाव लिहीत नसत, 'अमका वल्द तमका' असेच सापडेल. तिथे नाहीच मिळाले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक पाहा, त्यात गावातले जन्म-मृत्यू जातीसह लिहिलेले असतात. आणि सापडलेली नावे वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात जशीच्या तशी घाला, 'सुधारून' लिहू नका.

नोंद मिळाली. 1947 ची. चुलत आजोबांच्या बापाचे नाव, गाव, आणि जातीच्या रकान्यात मोडक्या अक्षरात 'म्हार'. तेच नाव मुलाच्या आजोबांच्या बापाचे. मधला धागा वंशावळीने आणि शेताच्या जुन्या कागदाने जुळला. दक्षता पथक खरेच आले, त्या शाळेतही गेले आणि या शाळेतही. इथल्या रजिस्टरात वडिलांपुढचा 'बौद्ध' हा शब्द जसाच्या तसा, न छेडलेला होता. तोच उलट कामाला आला, कारण त्यावरून घराण्याने धर्मांतर केले हे दिसत होते. त्या मुलाला वैधता मिळाली. आता त्याच्या सख्ख्या भावाला आणि चुलत भावंडांना त्याचे प्रमाणपत्र जोडून काम भागते, पुन्हा 1947 पर्यंत जावे लागत नाही.

यात आम्हाला एक गोष्ट उशिरा कळली. आमच्या आधी त्याच महिन्यात एका ओबीसी पुढाऱ्याचा माणूसही आला होता. त्यांच्यासाठी तारीख 13 ऑक्टोबर 1967 ची. त्यालाही एक शब्द वाढवून हवा होता आणि त्यालाही हेच उत्तर मिळाले होते. त्याने बडे बाबूंच्या बदलीची धमकी दिली होती. आम्ही जातीयवादी म्हटले. दोघांचेही त्यांनी ऐकून घेतले.

भाषणात आम्ही साताऱ्याची आठवण काढली. 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत एक मुलगा पहिल्या इयत्तेत दाखल झाला. रजिस्टरात क्रमांक 1914, नाव भिवा रामजी आंबेडकर. शाळेचे नाव आज प्रतापसिंह हायस्कूल आहे, आणि हा दिवस राज्यात 2017 पासून विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. आपण त्या नोंदीचे फोटो एकमेकांना पाठवतो, पण ते पान शंभर वर्षे वाळवीपासून, पुरापासून, बदलणाऱ्या मुख्याध्यापकांपासून आणि रद्दीवाल्यापासून कुणी वाचवले? कुठल्या तरी बाबूंनीच. त्यांची नावे कुणाला ठाऊक नाहीत.

इथल्या बडे बाबूंनी काय केले तेही सांगितले. जुनी रजिस्टरे भिंतीला लागलेल्या कपाटातून काढून मधल्या लोखंडी कपाटात ठेवली, कारण अकोल्याच्या पावसाळ्यात ओल भिंतीतूनच येते. फाटकी पाने स्वतःच्या पैशाने बांधून घेतली आणि बांधणाऱ्याला बजावले की कडा कापायच्या नाहीत, कडेला अनुक्रमांक असतात. शिक्षकांच्या पेन्शनच्या फायली, सेवापुस्तके, वेतन पथकाच्या चकरा हेही होतेच, ते इतर वक्त्यांनी सांगितले.

आम्ही नारळ नेला नव्हता. शाल आणि बाबासाहेबांचे एक पुस्तक दिले आणि सर्वांसमोर माफी मागितली. बडे बाबू उत्तराला उठले तेव्हा दोनच वाक्ये बोलले. म्हणाले, त्या दिवशी तुम्ही आरडाओरड केली त्याचे मला काही वाटले नाही, तुम्ही टेबलावरची शाईची बाटली सांडली होती, तेवढे वाईट वाटले. सगळे हसले. आम्हाला ती बाटली आठवतही नव्हती.

कार्यक्रम संपल्यावर ते पुन्हा कार्यालयात गेले. पदभाराची यादी अर्धीच झाली होती. नव्या बाईंसमोर एकेक रजिस्टर उघडून पहिला आणि शेवटचा अनुक्रमांक वाचत होते, त्या टिपून घेत होत्या. तेवढ्यात एक मुलगी आईला घेऊन दाखल्यासाठी आली आणि सवयीने त्यांच्यापुढेच अर्ज धरला. त्यांनी अर्ज हातात घेतला, जातीचा रकाना वाचला, बोट ठेवून आईला विचारले, "हे बरोबर हाये ना, ताई?" ती हो म्हणाल्यावर अर्ज शेजारच्या टेबलाकडे सरकवला. "सही आता यांची लागते."