लसणाच्या ठेच्याचा सपाट आलेख

अन्नतंत्रज्ञानाच्या शेवटच्या वर्षाची प्रकल्प-सादरीकरणं ऐकायला परीक्षक म्हणून मी बरीच वर्षं बसते आहे. विषय पदार्थ टिकवण्याचा असला की माझे प्रश्न ठरलेले असायचे. एकूण जिवाणूसंख्या किती आली? किती दिवस तपासली? चव आणि वास कधी बदलला? पडद्यावरचा आलेख सपाट दिसला की माझं समाधान व्हायचं. हे प्रश्न चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. कळूनही मी बराच काळ ते मान्य केलं नाही, म्हणून आज लिहिते आहे.

एका गटाने तेलातल्या लसणाच्या ठेच्यावर प्रकल्प केला होता. हिरवी मिरची, तेलात परतून अर्धवट ठेचलेला लसूण, मीठ, थोडा लिंबाचा रस आणि वर बोटभर तेल. काही बरण्या त्यांनी 30 अंश सेल्सिअसला ठेवल्या, काही 55 अंशांच्या कपाटात. दर 10 अंशांना बिघडण्याचा वेग दुप्पट होतो असं धरलं, तर 25 अंशांच्या फरकाने तो साधारण साडेपाच पट होतो. म्हणजे गरम कपाटातले पाच आठवडे हे नेहमीच्या तापमानाचे सहा महिने. पाच आठवड्यांनी तेल खवट झालं नव्हतं, जिवाणूसंख्या वाढली नव्हती. मी भरघोस गुण दिले. एवढंच करून थांबले नाही. हाच ठेचा विकणाऱ्या एका बचत गटातल्या ताईंना मी सांगितलं की बरणीवर सहा महिने छापायला हरकत नाही.

पुढच्या वर्षी त्या ताई आमच्या सादरीकरणाला आल्या होत्या. पुन्हा कुणीतरी तेलातला पदार्थ आणला होता आणि पुन्हा आलेख सपाट होता. ताईंनी विचारलं, "मॅडम, आम्ही वरून तेल ओततो ते आत वारा लागू नये म्हणून. मग तुम्ही तपासताना वारा लावूनच तपासता का?"

हा प्रश्न मी विचारायला हवा होता. आमच्या ताटल्या 37 अंशांना हवेतच ठेवलेल्या असतात. त्यांवर हवेत वाढणारे जिवाणू दिसतात. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू हवा नसेल तिथेच वाढतो. मातीत त्याचे बीजाणू असतात, लसूण मातीतूनच येतो, आणि उकळत्या पाण्याच्या तापमानालाही ते बीजाणू तग धरतात. तेलाखाली त्यांना हवा तसा निवारा मिळतो. त्याचं विष मज्जातंतूंवर घाला घालतं, आणि ते तयार झालं तरी पदार्थाचा रंग, वास, चव बिघडेलच असं नाही.

मग गरम कपाटाचाही हिशेब उलगडला. हा जिवाणू साधारण 48 ते 50 अंशांपर्यंतच वाढतो. म्हणजे 55 अंशांना आम्ही खवटपणाचा वेग वाढवला होता आणि ज्याची खरी भीती त्याची वाढच थांबवून ठेवली होती. वेग दुप्पट होण्याचा तो नियम तेलाच्या खवटपणाला बऱ्यापैकी लागू पडतो. जिवाणूला आपली तापमानाची कक्षा असते. तिच्याबाहेर नेऊन सहा महिन्यांचा दाखला काढता येत नाही.

त्यानंतर मी ताईंकडून ताज्या घाण्याच्या चार बरण्या मागवल्या आणि दुसऱ्या दिवशी आम्लता मोजली. पीएच 4.6 च्या वर हा जिवाणू वाढू शकतो, त्याखाली नाही. वरवर ढवळून घेतलेल्या नमुन्यांची सरासरी 4.4 आली. पूर्वी मी इथेच थांबले असते. या वेळी चिमट्याने लसणाचे तुकडे वेगळे काढले, तेल टिपलं, ते वाटून मोजले. एका बरणीतल्या तुकड्यांचा आकडा 5.1 होता. लिंबाचा रस मिरचीच्या ओल्या भागात मिसळला होता. तेलात परतलेल्या जाड तुकड्यांच्या पोटात तो शिरला नव्हता. सरासरी सुरक्षित होती, तुकडा सुरक्षित नव्हता.

त्याच दिवशी मी ताईंना विक्री थांबवायला सांगितलं आणि दुकानांत गेलेल्या बरण्या परत घ्यायला लावल्या. कुणालाही काही झालं नव्हतं, पण सल्ला माझा होता. ताईंचं नुकसान झालं, त्याला कारण मी होते.

हे उगाच घाबरणं नाही. 1985 साली कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये एका उपाहारगृहातल्या तेलातल्या लसणाने 36 जणांना बोट्युलिझम झाला. बरणीवर थंड जागी ठेवायची सूचना होती, बरणी मात्र बाहेर ठेवलेली होती. 1989 साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात तसंच पुन्हा घडलं. त्यानंतर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ठरवलं की अशा पदार्थाला केवळ फ्रीजचा भरवसा चालणार नाही, त्यात आम्लही घालायलाच हवं. सुरक्षेचं अंतर म्हणजे हेच, असं मला आता वाटतं. एक आडकाठी ग्राहकाच्या हातून निसटली तरी दुसरी जागेवर असली पाहिजे.

म्हणून आता माझे प्रश्न बदलले आहेत. तुमच्या पदार्थात सगळ्यात धोक्याचा जीव कोणता, आणि तुमची चाचणी त्याला पाहू शकते का, हे मी आधी विचारते. तो वाढत नाही हे दाखवायचं तर पदार्थात तसा जीव मुद्दाम सोडून पाहावं लागतं. बोट्युलिनम कॉलेजच्या प्रयोगशाळेत हाताळू नये. त्याचा निरुपद्रवी भाऊबंद क्लॉस्ट्रिडियम स्पोरोजिनिस हवारहित डब्यात वाढवून अंदाज घेता येतो. मग विचारते, पीएच कुठल्या तुकड्याचा आणि किती तासांनी मोजला. सरासरी बाजूला ठेवून सगळ्यात वाईट बरणीचा आकडा मागते. 4.6 ही कड आहे, आणि लिंबाची आंबटी मोसमागणिक बदलते, मीटरही थोडा चुकतो. तेव्हा माझ्या मते लक्ष्य 4.2 च्या आसपास असावं. शेवटी, पदार्थ बिघडेपर्यंत चाचणी चालवली का, हे पाहते. नऊ महिन्यांनी बिघडला तर सहा छापा. सहा महिन्यांपर्यंतच पाहिलं असेल तर पुढचं काहीच माहीत नसतं, आणि घरी बरणीत ओला चमचा जाणारच असतो.

मुलं कधी कधी नाराज होतात, कारण सपाट आलेखाला आता माझ्याकडून आपोआप गुण मिळत नाहीत. एकाने विचारलं, मग ठेचा करायचाच नाही का? करायचा. चिरलेला लसूण तिप्पट वजनाच्या, 3 टक्के सायट्रिक आम्लाच्या पाण्यात किमान 24 तास भिजवून मगच तेलात घालता येतो, म्हणजे आम्ल तुकड्याच्या आत पोचतं.

ताईंनी पाककृती तशी बदलली. आता त्या प्रत्येक घाण्यातले तीन तुकडे वाटून मोजतात आणि आकडा वहीत लिहितात. बरणीवर "फ्रीजमध्ये ठेवा" असं ठळक छापलं आहे. सहा महिने मात्र छापलेले नाहीत.